एकाच रकमेच्या तीन विक्री, तीन वेगळ्या कपाती: कार्डाचा हिशेब कसा वाचायचा?

काजूवाला_म्हापसा

नमस्कार मंडळी. म्हापशाच्या बाजारात आमचे काजूगरांचे आणि गोव्याच्या गोडधोडाचे दुकान आहे. गिऱ्हाइकांत अर्धे पर्यटक असल्यामुळे रोख रकमेपेक्षा कार्ड आणि क्यूआर यांवरच जास्त विक्री होते. बँकेकडून दर महिन्याला कपातीचा तक्ता येतो. इतकी वर्षे मी फक्त शेवटची निव्वळ रक्कम खात्याशी ताडून पाहत होतो. या खेपेस प्रत्येक ओळ वाचायला घेतली आणि एकाच दिवशी झालेल्या सारख्याच रकमेच्या तीन विक्रींपाशी अडलो.

```
Card         Gross     MDR      GST     Net
CR PREMIUM   4800.00    91.20   16.42   4692.38
DR           4800.00    43.20    7.78   4749.02
CR INTL      4800.00   153.60   27.65   4618.75
```

माल तोच, रक्कम तीच आणि मशीनही तेच असताना एकीकडे सुमारे 51 रुपये आणि दुसरीकडे 181 रुपये का कापले जातात, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न असा की पहिल्या ओळीचा तपशील उघडला की ‘इंटरचेंज’ नावाचा एक आकडा दिसतो आणि कपातीतला सर्वांत मोठा वाटा तोच असतो. हे पैसे नेमके कोणाकडे जातात आणि त्याबाबत बँकेशी बोलणी करता येतात का?

औषधालय_डिचोली

तुमची बँक सरळसरळ जास्त पैसे घेत आहे. रिझर्व्ह बँकेने 0.90 टक्क्यांची मर्यादा घालून दिलेली आहे आणि त्यापेक्षा जास्त कापणे नियमबाह्य आहे. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीतली जादा रक्कम लेखी अर्ज करून परत मागा.

फोंडेकर

मी बरीच वर्षे दुकानांना मशीन देणाऱ्या विभागात काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

डिचोलीच्या मित्रांनी सांगितलेली मर्यादा खरी आहे, पण ती केवळ डेबिट कार्डांना लागू आहे. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2017 मध्ये काढलेले ते परिपत्रक 1 जानेवारी 2018 पासून अमलात आले. आधीच्या आर्थिक वर्षात ज्यांची उलाढाल 20 लाखांपर्यंत होती त्यांच्यासाठी मशीनवरच्या डेबिट व्यवहाराला 0.40 टक्के आणि त्याहून मोठ्या दुकानांना 0.90 टक्के, अशी ती कमाल मर्यादा आहे. क्रेडिट कार्डासाठी अशी मर्यादा घातलेली नाही. त्यामुळे तुमची मधली ओळ बरोबर मर्यादेवर बसते, तर पहिली आणि तिसरी या नियमाच्या कक्षेतच येत नाहीत. तिथे परताव्याचा अर्ज केला तर तो फेटाळला जाईल.

आता इंटरचेंजविषयी. तुम्ही मशीनवर कार्ड लावता तेव्हा तीन पक्ष कामाला लागतात. ज्यांचे मशीन तुमच्या गल्ल्यावर आहे ती बँक, गिऱ्हाइकाला कार्ड देणारी बँक आणि दोघींना जोडणारे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांच्यासारखे नेटवर्क. तुमच्याकडून कापलेल्या रकमेतला इंटरचेंजचा भाग मशीनवाल्या बँकेकडे राहत नाही. तो नेटवर्कमार्फत कार्ड देणाऱ्या बँकेला पोहोचतो. उधारीचा कालावधी, बुडीत रकमेची जोखीम आणि गिऱ्हाइकाला मिळणारे गुण किंवा विमानतळावरचा आरामकक्ष यांचा बराचसा खर्च त्यातून निघतो. म्हणूनच महागड्या श्रेणीच्या कार्डावर इंटरचेंज जास्त असतो आणि साध्या कार्डावर कमी.

हा दर मशीनवाली बँक ठरवत नाही, नेटवर्क ठरवते, आणि ठरवताना कार्डाचा प्रकार, दुकानाचा वर्ग आणि कार्ड देशातले की परदेशातले हे पाहिले जाते. तेव्हा पहिल्या ओळीचा उघडलेला तपशील जसाच्या तसा इथे टाकलात तर पुढचे बोलता येईल.

काजूवाला_म्हापसा

सविस्तर लिहिल्याबद्दल आभारी आहे. पहिल्या ओळीचा तपशील असा दिसतो:

```
Interchange        72.00
Scheme Fee          5.76
Acquirer Markup    13.44
MDR                91.20
```

डेबिट आणि परदेशी कार्डाच्या ओळींचा तपशील उघडत नाही. तिथे फक्त एकच आकडा येतो.

फोंडेकर

उत्तम. आता प्रत्येक आकड्याला 4800 ने भागून पाहा. 72 रुपये म्हणजे 1.50 टक्के, ते कार्ड देणाऱ्या बँकेचे. 5.76 म्हणजे 0.12 टक्के, ते नेटवर्कचे. उरलेले 13.44, म्हणजे 0.28 टक्के, हीच काय ती तुमच्या बँकेची कमाई. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. तुम्ही व्यवस्थापकासमोर बसून ‘दर कमी करा’ म्हणता तेव्हा त्याच्या हातात 91 रुपये नसतात, त्या 13 रुपये 44 पैशांतून जे सोडता येईल तेवढेच असते. 1.90 चा दर 1.20 करा अशी मागणी या कार्डावर कोणतीही बँक पदरमोड केल्याशिवाय मान्य करू शकणार नाही, आणि एखाद्या प्रतिनिधीने तसे तोंडी कबूल केले तर तो फरक भाड्यातून किंवा दुसऱ्या एखाद्या शुल्कातून भरून निघतो का, ते आधी तपासावे.

ज्या ओळींचा तपशील उघडत नाही तिथे तुमचा करार ठोक दराचा आहे. म्हणजे परदेशी कार्ड कोणतेही असो, 3.2 टक्के कापायचे आणि आतल्या वाटणीचे बँकेने पाहायचे. परदेशी कार्डावर इंटरचेंज मुळातच जास्त असतो आणि सीमेपलीकडच्या व्यवहाराचे नेटवर्क शुल्क त्यावर चढते. पण 3.2 पैकी बँकेकडे किती उरते, हे तपशील मिळाल्याशिवाय सांगता येणार नाही. तो लेखी मागा.

काणकोणकर

आमचे पाळोळ्याला छोटे अतिथिगृह आहे आणि परदेशी कार्डांची हीच तक्रार माझीही आहे. आमच्या मशीनवर परदेशी कार्ड लावले की पाहुण्याला रुपयांत द्यायचे की पौंडांत, असे विचारले जाते. त्याने पौंड निवडले की चलनबदलाचा चढा दर लागतो. गेल्या हंगामात एका पाहुण्याने पावतीवरचा दर बघून माझ्याशी वाद घातला. हे पैसेसुद्धा इंटरचेंजमध्ये धरलेले असतात का?

फोंडेकर

नाही, काणकोणकर, तो वेगळा पैसा आहे. चलनबदलाच्या दरातला वाढावा पाहुण्याच्या खिशातून जातो, तुमच्या कपातीत तो येत नाही. काही करारांत त्यातला थोडा वाटा दुकानदाराला परत मिळतो आणि तक्त्यात वेगळी जमा ओळ म्हणून दिसतो, तेव्हा तुमच्या तक्त्यात अशी जमा आहे का ते पाहा. पाहुण्याला निवड करू देणे हे तुमचे काम. त्याच्या वतीने यंत्रावर पौंडांचे बटण दाबू नये, एवढे कर्मचाऱ्यांना बजावून ठेवा.

सांगेकर

मला या धाग्यावर एक विचारायचे आहे. मागच्या महिन्यात कुडचड्याला एका दुकानात डेबिट कार्डावर दोन टक्के जास्त मागितले आणि म्हणाले की बँक कापते. हेच ते इंटरचेंज का? गिऱ्हाइकाने ते का भरावे?

हिशेबनीस_मडगाव

सांगेकर, तुमचा प्रश्न गिऱ्हाइकाच्या बाजूचा आहे आणि धागा दुकानदाराच्या बाजूचा, पण थोडक्यात सांगतो. डेबिट कार्डावरचे शुल्क दुकानदाराने गिऱ्हाइकावर टाकू नये, याची खबरदारी बँकांनी घ्यावी, असे 2017 च्या त्याच परिपत्रकात म्हटलेले आहे. शिवाय वर दाखवल्याप्रमाणे डेबिटवर दुकानाची कपात 0.90 टक्क्यांच्या वर जातच नाही, त्यावर जीएसटी धरला तरी ती साधारण 1.06 टक्के होते. दोन टक्के कोठून आले, हा प्रश्न त्या दुकानदारालाच विचारायला हवा.

मूळ विषयाबद्दल माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. मी अनेक दुकानांचे हिशेब पाहतो आणि वाटणी उलगडून दाखवणारा करार लहान दुकानदाराने घेऊ नये, असे माझे मत आहे. ठोक दर असला की महिन्याचा खर्च आधी कळतो. इंटरचेंज अधिक बँकेचा वाटा या पद्धतीत डिसेंबरात सगळी भारी श्रेणीची कार्डे आली की खर्च एकदम चढतो आणि दुकानदार गोंधळतो.

फोंडेकर

हिशेबनीससाहेब, तुमचा मुद्दा निकाली काढण्यासारखा नाही, पण मी उलट बाजूने विचार करतो. ठोक दर ठरवताना बँक सुरक्षित अंतर ठेवूनच आकडा लावते. ज्या दुकानात जवळपासचे लोक साधी कार्डे घेऊन येतात, तिथे इंटरचेंज कमी पडतो आणि ठोक दरातला फरक सगळा बँकेकडे राहतो. ज्या दुकानात पर्यटक भारी कार्डे काढतात, तिथे मात्र ठोक दर दुकानदाराला सांभाळून घेतो. तेव्हा म्हापशाच्या बाजारातल्या किराणा दुकानाला एक पद्धत सोयीची पडेल आणि कळंगुटच्या दागिन्यांच्या दुकानाला दुसरी.

हिशेबनीस_मडगाव

कार्डांचे मिश्रण तीन-चार महिने नोंदवून ठेवणारा दुकानदार मला अजून भेटलेला नाही, म्हणून मी ठोक दर सुचवतो. ज्याने नोंद ठेवली आहे त्याने खुशाल दुसरी पद्धत घ्यावी.

पणजी_खानावळ

आमचे पणजीत जेवणाचे हॉटेल आहे. आपण सगळे शुल्काविषयी बोलत आहोत, पण त्याच्या शेजारचा जीएसटीचा रकाना कोणी पाहिलेला दिसत नाही. शुल्कावर 18 टक्के जीएसटी लागतो. काजूवाल्यांनी नियमित नोंदणी घेतली असेल तर त्यांना तो परत वळता करता येतो. आम्ही जेवणावर पाच टक्के आकारतो आणि त्या दरात इनपुट क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे आमच्यासाठी 91.20 ची कपात खऱ्या अर्थाने 107.62 ची होते. दोन दुकानांचे दर समोरासमोर ठेवताना हा फरक धरायलाच हवा.

हिशेबनीस_मडगाव

अगदी बरोबर, आणि यात आणखी एक अडचण मी वारंवार पाहतो. दुकानाचा जीएसटी क्रमांक मशीनवाल्या बँकेकडे नोंदवलेला नसेल, तर शुल्काचे बीजक तुमच्या क्रमांकावर निघत नाही आणि जीएसटीआर-2बी मध्ये ती रक्कम उमटत नाही. नियमित नोंदणी असूनही क्रेडिट असे हातचे जाते. वर्षभराच्या 2बी मध्ये बँकेचे नाव शोधून पाहा. ते सापडले नाही तर आधी तो क्रमांक नोंदवून घ्या.

त्याच रकान्याची दुसरी तपासणी अशी की एका व्यवहारात 2000 रुपयांपर्यंतचे कार्ड पेमेंट असेल, तर ते जमा करून देण्याच्या सेवेवर बँकेला जीएसटीची सूट आहे. काजूवाले, तुमच्या तक्त्यात 1,850 किंवा 1,200 रुपयांची एखादी कार्डाची ओळ काढा आणि तिथे जीएसटी शून्य आहे का ते पाहा. मशीनच्या भाड्याला मात्र ही सूट नाही.

काजूवाला_म्हापसा

पाहिले. 1,850 च्या ओळीवर 35.15 शुल्क आहे आणि जीएसटी 0.00 आहे. आमच्या गल्ल्यावर दुसरे एक छोटे यंत्र आहे, ते बँकेचे नसून मधल्या एका कंपनीचे आहे. तिथे 1,400 च्या ओळीवरही जीएसटी लावलेला दिसतो.

हिशेबनीस_मडगाव

तिथे त्या कंपनीचा दर्जा विचारावा लागेल. जीएसटी परिषदेने डिसेंबर 2024 च्या बैठकीत स्पष्ट केले की रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालील पेमेंट ॲग्रिगेटरलाही ही सूट मिळते, पण फक्त तांत्रिक जोडणी पुरवणाऱ्या गेटवेसारख्या सेवेला नाही. तुमची मधली कंपनी यापैकी कशात बसते आणि ती रक्कम कोणत्या सेवेपोटी घेते, हे बीजकावरच्या वर्णनावरून कळेल. ते पाहिल्याशिवाय चूक ठरवता येणार नाही.

औषधालय_डिचोली

माझ्या वरच्या प्रतिसादात क्रेडिट आणि डेबिट यांची गल्लत होती, हे फोंडेकरांनी दाखवून दिले. आता माझा स्वतःचा तक्ता काढून पाहिला तर डेबिट कार्डाच्या प्रत्येक ओळीवर 0.90 टक्केच कापलेले आहेत. माझी कार्डावरची वर्षाची विक्री जेमतेम सहा लाख आहे. मग मला 0.40 चा दर मिळायला हवा ना?

फोंडेकर

20 लाखांची अट कार्डावरच्या विक्रीची नाही, आधीच्या आर्थिक वर्षातल्या धंद्याच्या एकूण उलाढालीची आहे. रोख, कार्ड, क्यूआर सगळे मिळून 20 लाखांच्या आत असाल तरच 0.40. औषधांच्या दुकानाची उलाढाल बहुधा त्यापेक्षा वर जाते, म्हणून विवरणपत्रातला आकडा पाहून मगच बँकेकडे जा. तो खरोखरच आत असेल तर विवरणपत्राची प्रत देऊन वर्ग बदलून घ्या. 3,000 रुपयांच्या डेबिट व्यवहारावर 27 ऐवजी 12 रुपये कापले जातील.

त्याच वेळी एक गोष्ट आवर्जून बघा. रुपे डेबिट कार्डावर 1 जानेवारी 2020 पासून दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. तक्त्यात रुपे डेबिटच्या ओळी वेगळ्या काढा. तिथे शून्याखेरीज काही दिसले, तर तो परताव्याचा पक्का दावा आहे. रुपेचे क्रेडिट कार्ड मात्र या सवलतीत येत नाही. तक्त्यात दोन्हींपुढे नुसते ‘रुपे’ लिहिलेले असते आणि लोक नाहक भांडायला जातात.

काणकोणकर

आणि क्यूआर? यूपीआयवर तर काहीच लागत नाही, बरोबर?

औषधालय_डिचोली

यूपीआय पूर्ण मोफत आहे. सरकारनेच तसे ठरवले आहे.

फोंडेकर

बँक खात्यातून थेट आलेल्या यूपीआयवर शुल्क नाही, हे खरे. पण क्यूआर तोच असला तरी त्यामागचा पैसा कोठून येतो, यावर कपात ठरते. गिऱ्हाइकाने त्याच क्यूआरवर वॉलेटमधली शिल्लक वापरली आणि रक्कम 2000 रुपयांच्या वर असली, तर एप्रिल 2023 पासून त्यावर इंटरचेंज आहे, कमाल 1.1 टक्के, आणि इंधन किंवा सुपरमार्केट अशा काही वर्गांना त्याहून कमी. तो तुमच्या बाजूची बँक वॉलेट देणाऱ्या कंपनीला देते. गिऱ्हाइकाला त्याची झळ लागत नाही. तुमची बँक तो तुमच्याकडून वसूल करते की स्वतः सोसते, हे तुमच्या करारावर अवलंबून आहे. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून केलेल्या मोठ्या रकमेच्या पेमेंटलाही असेच शुल्क पडते.

गल्ल्यावर हे ओळखू येत नाही, कारण ध्वनिपेटी दोन्ही वेळा सारखेच बोलते. तक्त्यात पैसे देणाऱ्याच्या खात्याचा प्रकार सांगणारा रकाना असतो. त्यात बचत किंवा चालू खाते असेल तर कपात शून्य हवी. वॉलेट किंवा क्रेडिट असेल तर रक्कम 2000 च्या वर आहे का ते पाहायचे. 3,200 रुपयांच्या वॉलेट पेमेंटवर 35.20 कापलेले दिसले, तर ते 1.1 टक्क्याचेच आहेत.

काजूवाला_म्हापसा

तो रकाना आमच्या तक्त्यात सापडला. वॉलेटच्या मोठ्या रकमांवर कपात होत आहे. करारात तसे कलमही आहे, म्हणून तिथे तक्रारीला जागा नाही.

बँकेत जाऊन आलो. परदेशी कार्डाचा तपशील मुख्य कार्यालयाकडून मागवून देऊ, असे सांगितले आहे. देशी क्रेडिट कार्डावर त्यांचा 0.28 चा वाटा 0.20 करायला ते तयार आहेत, पण त्याबदल्यात मशीनचे भाडे महिना 500 रुपये तसेच ठेवणार म्हणतात. हे मान्य करावे का?

फोंडेकर

आकडे मांडून पाहा. देशी क्रेडिटची तुमची महिन्याची विक्री तीन लाख धरली, तर 0.08 टक्क्याने 240 रुपये वाचतात. भाडे माफ झाले तर 500 वाचतात, तेही दर महिन्याला, विक्री असो वा नसो. पावसाळ्यात कार्डावर 40,000 ची विक्री झाली, तर ते 500 रुपयांचे भाडे एकटेच 1.25 टक्के पडते, म्हणजे बँकेच्या वाट्याच्या चौपटीहून जास्त. 0.28 तसेच राहू द्या आणि भाडे माफ करून मागा, निदान जून ते सप्टेंबर तरी.

पणजी_खानावळ

फोंडेकरांशी सहमत आहे. आम्ही पावसाळ्यातले भाडे माफ करून घेतले आहे. मात्र वर्षभराच्या किमान उलाढालीची अट करारात घातली होती. ती पूर्ण झाली नाही तर भाडे मागच्या तारखेपासून लागते, तेव्हा सही करण्याआधी ते कलम वाचा.

काजूवाला_म्हापसा

किमान उलाढालीचे कलम आमच्याही मसुद्यात आहे, वर्षाला 24 लाख. हंगामात तेवढी होते, पण मागच्या वर्षी थोडक्यात हुकली असती. 18 लाखांवर आणायला सांगितले आहे आणि भाडे माफीचा अर्ज दिला आहे. परदेशी कार्डाच्या 3.2 टक्क्यांचा तपशील अजून आलेला नाही. आला की इथेच टाकतो.